दार चौकटीला घासतंय: रंधा मारायचा की बिजागरीचे स्क्रू बदलायचे?

पूर्वा_ठाणे
नमस्कार मंडळी. आमच्या बेडरूमचं दार बंद करताना घासतंय. फ्लश डोअर आहे, वर लॅमिनेट, चौकट सागवानी, इमारत जुनी होत आलेली. कडीच्या बाजूला अगदी वरच्या कोपऱ्यात चौकटीचा रंग निघून लाकूड दिसायला लागलंय. अलीकडे त्याच बाजूचा खालचा कोपराही उंबऱ्याच्या मार्बलला टेकतो. सुतारदादा येऊन बघून गेले. म्हणाले, "पावसाळ्यात लाकूड फुगतं ताई, दोन हात रंधा मारून देतो." पण हे घासणं एप्रिलमध्येही होतं, आणि रंधा मारला की लॅमिनेटची कड फुटेल अशी भीती वाटते. बिजागरीचे स्क्रू बदलून किंवा तिच्यामागे पुठ्ठा घालून दार सरळ होतं असं ऐकलं आहे. यात तथ्य आहे का? चार इंची तीन बिजागऱ्या आहेत. घरात ड्रिल मशीन आहे आणि मला वापरता येतं.

मिलिंद_पेठकर
तथ्य आहे, आमच्याकडे केलंय. खालच्या बिजागरीच्या मागे जाड पुठ्ठा घाला. दाराचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो आणि वरचा कोपरा आपोआप आत येतो. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा उत्तम, तो कडक असतो. सुताराची गरजच नाही.

जर्सीकर
पुठ्ठ्याच्या आधी स्क्रू. वरच्या बिजागरीचा एक छोटा स्क्रू काढा आणि त्या जागी तीन इंची स्क्रू घट्ट आवळा. दार डोळ्यांदेखत आत खेचलं जातं. इथे न्यू जर्सीत घर घेतल्यापासून मी सगळी दारं अशीच सरळ केली आहेत. दाराचं सगळं वजन वरच्या बिजागरीवर ओढ देतं आणि कंपनीने दिलेले पाऊण इंची स्क्रू तेवढ्याला पुरत नाहीत.

आजोळ_राजापूर
आमच्या गावच्या घराचं माजघराचं दारही असंच घासतं. पण त्याला बिजागऱ्याच नाहीत, वर-खाली लाकडाच्याच खुंट्या आहेत आणि त्या दगडाच्या व लाकडाच्या भोकात फिरतात. त्याला स्क्रू कुठे मारायचे?

रंधापटाशी
आजोळ, तुमचं दार वेगळ्या जातीचं आहे. तिथे खालची खुंटी झिजून दार खाली बसलेलं असतं. दार उचलून काढून खालच्या भोकात लोखंडी किंवा पितळी चकती टाकली की ते पुन्हा वर येतं. त्यासाठी दोन माणसं लागतात, एकट्याने उचलू नका. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

पूर्वाताई, काहीही खोलण्याआधी दोन गोष्टी करून बघा.

पहिली: दार अर्धं उघडा, कडीपाशी दोन्ही हातांनी धरून वर उचला आणि सोडा. दुसऱ्या कोणाला तरी वरच्या बिजागरीकडे बघत उभं करा. बिजागरीचं पान चौकटीपासून किंवा दारापासून सुटून हलतंय का, की पानं जागेवर आहेत आणि मधली नळीच खुळखुळते, हे त्यांना नीट दिसेल.

दुसरी: दार घासेल तिथपर्यंत बंद करा आणि चार ठिकाणी फट मोजा. बिजागरीच्या बाजूला वर आणि खाली, कडीच्या बाजूला वर आणि खाली. मिलिमीटरमध्ये, अंदाजे चालेल. आकडे इथे टाका. रंधा हवा की स्क्रू, हे त्या चार आकड्यांवरूनच कळतं.

पूर्वा_ठाणे
मोजलं. बिजागरीच्या बाजूला वर साडेचार, खाली दीड. कडीच्या बाजूला वर शून्य (तिथेच घासतं), खाली तीन.

दार उचललं तेव्हा वरच्या बिजागरीचं चौकटीवरचं पान स्पष्ट हललं. वरच्या दोन स्क्रूंची डोकी पानाच्या थोडी बाहेर आली आहेत. नळीही किंचित हलते. मधली बिजागरी जवळजवळ घट्ट आहे आणि खालची पूर्ण घट्ट.

रंधापटाशी
आकडे फार बोलके आहेत. वरच्या दोन फटींची बेरीज करा: साडेचार आणि शून्य, म्हणजे साडेचार. खालच्या दोन: दीड आणि तीन, पुन्हा साडेचार. म्हणजे दाराची रुंदी आणि चौकटीची रुंदी यांत वरपासून खालपर्यंत सारखंच अंतर आहे. लाकूड फुगलेलं नाही, दार वाकडं नाही, चौकट अरुंद झालेली नाही. दार नुसतं कलंडलं आहे. वरची बिजागरी सुटली, दार कडीकडे झुकलं, म्हणून वरचा कोपरा चौकटीला लागतो आणि खालचा उंबऱ्याला.

अशा दारावर रंधा मारला तर कोपरा मोकळा होईल, पण स्क्रू ढिलेच राहतील. दार आणखी झुकेल, पुन्हा रंधा लागेल आणि शेवटी वर बोटभर फट दिसेल. लाकूड खरंच फुगलेलं असतं तेव्हा बेरीज दोन्हीकडे लहान येते आणि दार कडीच्या बाजूने जवळजवळ पूर्ण उंचीत घासतं. तेव्हाही श्रावणात रंधा मारू नये. पाऊस जाऊ द्यावा, दार सुकू द्यावं आणि मग वरची-खालची उघडी कड रंगवून बंद करावी. ओल तिथूनच शिरते.

आता मिलिंदराव, तुमचा उपाय अर्धा बरोबर आहे. खालच्या बिजागरीमागे पुठ्ठा घातला की दार वरच्या बिजागरीभोवती फिरतं. वरची बिजागरी दाराच्या टोकापासून सात-आठ इंचच खाली असते, म्हणून वरचा कोपरा फारच थोडा आत येतो. पूर्वाताईंच्या दाराच्या मापात खाली दोन मिलिमीटर घातले तर वरचा कोपरा जेमतेम पाव मिलिमीटर सरकेल. मात्र कडीची बाजू त्याच वेळी सुमारे एक मिलिमीटर वर उचलली जाईल. म्हणजे पुठ्ठ्याने कोपरा आत येत नाही, दार वर उचललं जातं. तुमचं दार बहुधा उंबऱ्याला टेकत असणार, म्हणून तुमचं काम झालं.

याउलट वरची बिजागरी दोन मिलिमीटर आत गेली तर वरचा कोपरा दोनाहून थोडा जास्तच आत येतो, आणि कडीची बाजू वर उचलली जाते ती निराळीच. म्हणून आधी वरची बिजागरी आवळायची, मग उरलेलं बघायचं.

मिलिंद_पेठकर
बरोबर, आमचं दार खाली फरशीलाच लागत होतं. पण मग वरची बिजागरी घट्ट असूनही वरचा कोपरा घासत असेल तर काय करायचं?

रंधापटाशी
तेव्हा वरच्या बिजागरीची खाच पटाशीने थोडी खोल करायची. एका वेळी अर्धा मिलिमीटर, पुन्हा लावून बघत. किंवा मग तिथे रंधा रास्तच. खाच खोल करताना एक जपायचं: पान खाचेत आत बुडालं, लाकडाच्या पातळीखाली गेलं, की दार बिजागरीच्या बाजूलाच अडकतं आणि पूर्ण बंद न होता परत उघडतं.

जर्सीकर, तुमच्या तीन इंची स्क्रूबद्दल. तुमच्याकडे दाराची चौकट म्हणजे पाऊण इंच जाडीची फळी असते आणि तिच्यामागे भिंतीचा उभा लाकडी खांब. लांब स्क्रू फळी ओलांडून त्या खांबात शिरतो आणि फळीसकट बिजागरी मागे खेचतो. ठाण्याच्या घरात चौकटीमागे वीट आणि सिमेंट. चौकट भरीव लाकडाची, बहुधा चार बाय अडीच इंच. दार बसायला अर्धा इंच खाच काढलेली, म्हणजे स्क्रूला दोन इंचच लाकूड मिळतं. तीन इंची स्क्रू लाकूड संपलं की विटेला किंवा सिमेंटला जाऊन अडतो, पुढे जात नाही. तरी मशीनने फिरवत राहिलं तर लाकडातले आटेच चिरडले जातात. इथे ३५ ते ४० मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. ५० म्हणजे हद्द.

जर्सीकर
पटलं. भिंतीचा विचार केला नव्हता. ज्यांची घरं इकडची आहेत त्यांच्यासाठी एक भर: इथेही लांब स्क्रू चारही भोकांत मारू नका. भिंतीचा खांब मधोमध असतो, म्हणून पानावरचं जे भोक भिंतीच्या मध्याजवळ आहे त्यातच मारा. आवळताना मध्येमध्ये थांबून फट बघा, कारण फळी पातळ असते आणि जास्त आवळलं तर ती वाकून दुसऱ्याच ठिकाणी घासायला लागते.

पूर्वा_ठाणे
मग मी ८ नंबरचे ३५ मिलिमीटर आणू का? आणि जुन्या भोकांचं काय? एक स्क्रू काढून बघितला. जेमतेम पाऊण इंच लांब आहे, आणि भोक त्याच्यापेक्षा बरंच मोठं झालंय, आतलं लाकूड भुसभुशीत दिसतं.

रंधापटाशी
भुसभुशीत होण्याचं कारण सांगतो. घाईचा सुतार स्क्रू फिरवत नाही, हातोडीने ठोकतो आणि शेवटचे एक-दोन वेढे तेवढे स्क्रू ड्रायव्हरने देतो. दिसायला काम चोख असतं, पण आट्यांनी लाकूड कापून धरण्याऐवजी तंतू फाडलेले असतात. त्यात स्क्रू पाऊण इंची. दोन मिलिमीटर जाडीच्या पानातून गेल्यावर लाकडात उरतो अर्धा इंच आणि थोडंसं. रोज उघडझाप, वर दारामागे टांगलेले कपडे आणि पिशव्या. काही वर्षांत तो सुटणारच.

हो, ८ नंबर, ३५ मिलिमीटर, चपट्या डोक्याचे. दुकानात पानाचं भोक दाखवून घ्या. डोकं पानाच्या खळग्यात पूर्ण बसलं पाहिजे. ते वर राहिलं तर दोन पानांची डोकी एकमेकांना लागतात आणि दार बंद होत नाही. काळे जिप्समचे स्क्रू घेऊ नका. ते कडक असतात, पण ठिसूळ. सागात आवळताना डोकं तुटलं तर उरलेला तुकडा भोकातून काढणं जिकिरीचं.

भोकं अशी भरा: बांबूच्या बारीक चपट्या कामट्या तासा, भोकात लाकडाचा गोंद सोडा आणि कामट्या बसतील तेवढ्या दाबून ठोका. रात्रभर ठेवा. सकाळी वरचा भाग पटाशीने किंवा ब्लेडने लाकडाच्या पातळीत कापा. मग नवं भोक पाडा. सागाला ३ मिलिमीटरचा ड्रिल बिट, मऊ लाकडाला अडीच. बिटला ३७-३८ मिलिमीटरवर चिकटपट्टीची खूण करा म्हणजे खोली कळेल. स्क्रूच्या आट्यांवर मेण किंवा कोरडा साबण घासून हाताने फिरवा. मशीनचा जोर शेवटच्या वेढ्यात कळत नाही.

कावेरी_एस
कामट्या कशाला? काडेपेटीच्या काड्या आणि गोंद. आमच्याकडे आई कायम हेच करते, आणि कपाटाची दारं अजून टिकून आहेत.

रंधापटाशी
कपाटाच्या दाराला चालेल, कावेरीताई. काड्यांचं लाकूड मऊ असतं. खोलीचं दार पंधरा-वीस किलो सहज भरतं, म्हणून मी बांबू किंवा सागाचा तुकडा वापरतो. भोक फारच मोठं असेल तर ते १० मिलिमीटरचं नीट गोल करून लाकडी गुल्ली गोंद लावून ठोकतो.

लाकूडतोड्या_नगर
गुल्लीबद्दल माझं मत वेगळं आहे. गुल्लीचे तंतू स्क्रूच्या दिशेनेच उभे असतात, त्यात आटे तेवढे धरत नाहीत. त्यापेक्षा भोक कामट्यांनी भरून स्क्रूच लांब घ्यावा, म्हणजे टोक भोकाच्या पुढच्या कोऱ्या लाकडात जातं. खरी पकड तिथेच.

रंधापटाशी
लांब स्क्रूचं खरं कारण तेच, मान्य. पण दाराच्या बाजूला कोरं लाकूड असेलच असं नाही. फ्लश डोअरला कडेला लाकडाची पट्टी असते, दीड-दोन इंच, आणि तिच्यामागे भुशाचं बोर्ड किंवा फळ्यांचे तुकडे. पट्टी अरुंद निघाली तर लांब स्क्रूचं टोक पोकळात जाईल. तिथे गुल्ली बरी पडते हा माझा अनुभव. दोन्ही पद्धतींनी दारं टिकलेली मी पाहिली आहेत.

पूर्वाताई, कामाचा क्रम. दार उघडं ठेवून कडीच्या बाजूला खाली लाकडाची पाचर सारा, इतकी की दाराचं वजन तिच्यावर येईल. वजन उतरवल्याशिवाय स्क्रू आवळला तर तो दार उचलत नाही, नव्या भोकाचे आटे फाडतो. फक्त वरच्या बिजागरीचे चौकटीकडचे स्क्रू काढा. मधल्या आणि खालच्याला हात लावू नका. खाचेत जुना रंग, पुट्टी किंवा भुसा साचला असेल तर खरवडून काढा, नाहीतर पान पूर्ण बसणार नाही. भोकं भरून रात्र जाणार, तेवढा वेळ दार पाचरीवर तसंच राहू द्या आणि मुलं त्याला लोंबकळणार नाहीत हे बघा.

सतीश_नाशिक
मध्येच विचारतो. माझं बाथरूमचं दार कुठेच घासत नाही, पण बंदच होत नाही. दाबून बंद केलं की परत चार बोटं उघडतं. गंजल्या म्हणून बिजागऱ्या बदलल्या, स्टीलच्या आणल्या, तेव्हापासून हे सुरू झालं. स्क्रूही नवे आहेत.

रंधापटाशी
सतीशराव, जुन्या पानाची जाडी आणि नव्याची मोजून बघा. बहुधा जुनं लोखंडी पान जाड होतं आणि खाच त्याच्या मापाची. नवं पातळ पान तिच्यात बुडालं, त्यामुळे दाराची कड बिजागरीच्या बाजूलाच चौकटीला टेकते आणि दार स्प्रिंगसारखं मागे येतं.

सतीश_नाशिक
जुनी ३ मिलिमीटर, नवी २. अगदी तसंच आहे.

रंधापटाशी
मग तिन्ही बिजागऱ्यांमागे १ मिलिमीटरची भर घाला. पुठ्ठा नको, बाथरूमच्या ओलीने तो फुगतो, मग दबतो आणि स्क्रू पुन्हा ढिले होतात. फर्निचरच्या दुकानात लॅमिनेटचे नमुन्याचे तुकडे मिळतात, बरेचसे एक मिलिमीटरचेच. ते दबत नाहीत आणि पाण्याने बिघडत नाहीत. पानाच्या मापाचा तुकडा कापा, भोकं पाडा, पानामागे बसवा. एका वेळी एकच बिजागरी खोला. आणि तिन्हींना सारखीच भर द्या. दोनलाच दिली तर तिन्ही पिना एका रेषेत राहत नाहीत आणि दार फिरताना करकरतं.

पूर्वा_ठाणे
वरची बिजागरी करून झाली. सगळे ३५ चे स्क्रू, बांबूच्या कामट्या, पाचर लावून. वरचा कोपरा सुटला! आता वर बिजागरीच्या बाजूला फट तीन आहे, कडीच्या बाजूला दीड. पण दोन गोष्टी उरल्या. वरची फट खालच्याइतकी, म्हणजे दीड का झाली नाही? आणि खालचा कोपरा उंबऱ्याला अजून निसटता लागतो, आधीपेक्षा खूप कमी.

रंधापटाशी
उरलेला दीड मिलिमीटर नळीच्या झिजेचा असणार. तुम्हीच लिहिलं होतं की नळीही हलते. ती स्क्रूने भरून निघत नाही. बिजागरी बदलली तर जाईल, पण तेवढ्यासाठी आज बदलायची गरज नाही.

आता मिलिंदरावांचा उपाय नेमका कामाला येतो. खालच्या बिजागरीच्या चौकटीकडच्या पानामागे १ मिलिमीटरचा लॅमिनेटचा तुकडा घाला. मधलीमागे त्याच्या निम्मा, तिथे कडक पुठ्ठा चालेल, बेडरूम कोरडी असते. वरच्याला काही नको. कडीची बाजू साधारण अर्धा मिलिमीटर उचलली जाईल. खाली बिजागरीकडची फट दीडची अडीच होईल आणि कडीकडची तीनाची दोन. मधलीला विसरलात तर दार पुन्हा करकरेल. भर घातल्यावर तिथले स्क्रूही ३५ चेच घ्या, जुने तेवढ्या भरीने आणखी तोकडे पडतात.

पूर्वा_ठाणे
केलं. खालचा कोपरा आता लागत नाही, मधे कागद सरकतो. आकडे जवळपास तुम्ही सांगितले तेच आले. मात्र कडीची जीभ आता चौकटीवरच्या पत्र्याच्या भोकात वरच्या कडेला घासते.

रंधापटाशी
दार उचललं गेलं, त्याबरोबर जीभही वर गेली. कानशीने पत्र्याच्या भोकाची वरची कड थोडी घासा, पत्रा हलवायची गरज नाही.

आशय_मालवण
उपयुक्त धागा. आमचं घर समुद्राजवळ आहे, लोखंडी स्क्रू काही वर्षांत गंजून भोकातच अडकतात. स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे म्हणतो, पण बिजागऱ्या लोखंडीच आहेत. दुकानदार म्हणतो की दोन धातू एकत्र आले की बिजागरी आणखी गंजेल. खरं का?

लाकूडतोड्या_नगर
खाऱ्या हवेत लोखंडाला स्टेनलेस लावलं की झीज लोखंडाकडे जाते, हे खरं. बिजागऱ्याही स्टेनलेसच्या घ्या.

रंधापटाशी
मी थोडं वेगळं म्हणेन. स्क्रू लहान आणि बिजागरीचं पान मोठं, त्यामुळे झीज पसरते, एका जागी खात नाही. रत्नागिरीकडे अशी दारं मी बरीच वर्षं चाललेली पाहिली आहेत. बिजागऱ्या चांगल्या असतील तर नुसते स्क्रू बदला आणि डोक्यांवर रंगाचा हात द्या.

आणखी एक, आशय. आवळण्याआधी चौकट धरून हलवून बघा. किनाऱ्यावर भिंतीतल्या लोखंडी होल्डफास्टही गंजतात. मग दार आपटलं की चौकटच हलते आणि प्लॅस्टरच्या कडेला उभी चीर दिसते. तसं असेल तर बिजागरीचा कोणताच स्क्रू कामाचा नाही. चौकटीतून भिंतीत चार इंची अँकर मारून आधी ती घट्ट करावी लागेल.

आशय_मालवण
उभी चीर आहे, बिजागरीच्याच बाजूला. भिंत चिऱ्याची आहे, विटेची नाही. चिऱ्यात अँकर धरतो का?

लाकूडतोड्या_नगर
चिरा मऊ असला तर प्लास्टिकचा प्लग आत गोल फिरतो. कोणी चिऱ्याच्या भिंतीत केमिकल अँकर वापरला असेल तर सांगा, मलाही माहिती हवी आहे.